एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंग वारंवार मिक्स होतात: असेंब्ली स्टेशनवर पोका-योके नक्की कुठे बसवायचं

प्रॉब्लेम आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या लाइनवर थोड्याफार फरकाने हाच असणार. चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये ऑइल पंपचं स्टेशन आहे, त्यात रिलीफ व्हॉल्व्ह बसतो, म्हणजे बॉडीच्या बोअरमध्ये आधी प्लंजर, त्याच्यावर स्प्रिंग आणि वरून ओ-रिंगवाली कॅप टाइट. पंपाची दोन मॉडेल आहेत, सोयीसाठी ए आणि बी म्हणू. दोघांची बॉडी वेगळी दिसते, कॅप वेगळी आहे, पण स्प्रिंग? बाहेरचा व्यास दोन्हीचा १० मिमी, मोकळी लांबी दोन्हीची ३२, वेटोळे दोन्हीला १०, फक्त तार ए ची १.२ मिमी आणि बी ची १.३. तेल लागलेल्या हाताने दोन्ही शेजारी धरल्या तर वीस वर्षं काम केलेला माणूसही छातीठोक सांगू शकत नाही कुठली कुठली, मी स्वतः टेबलावर दहा-दहा मिसळून बघितल्या आणि तीन चुकवल्या.

आणि हा ०.१ मिमीचा फरक नुसता कागदावरचा नाही हे आधी समजून घ्या. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे ए ची स्प्रिंग १ मिमी दाबायला साधारण ३.७ न्यूटन लागतात आणि बी ला ५.३. पंपात ती ३२ वरून २४ मिमी पर्यंत दाबली जाते तेव्हा ए जवळपास ३० न्यूटन देते, बी ४२-४३. प्लंजर ११ मिमीचा आहे, म्हणजे ए मॉडेलचा व्हॉल्व्ह ३.१ बारला उघडायला हवा तो बी ची स्प्रिंग पडली की ४.५ बारला उघडतो. उलटं झालं तर त्याहून वाईट, व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि गरम इंजिनला तेलाचं प्रेशर मिळत नाही. आमची शेवटची लीक टेस्ट हवेवर आणि अर्ध्या बारला होते, तिला हे दिसतच नाही, उघडण्याचं प्रेशर फक्त सॅम्पलवर चेक व्हायचं. म्हणून चुकीचा पीस आरामात पॅक होऊन कस्टमरकडे जायचा.

दीड वर्षात चार वेळा कंप्लेंट आली. चारही वेळा उत्तरात काय लिहिलं गेलं तर ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, स्टेशनवर फोटोवाला वन पॉइंट लेसन लावला, बिनला लाल-हिरवे स्टिकर लावले, १०० टक्के व्हिज्युअल चेक लावला. हे सगळं केल्यावर दोन-अडीच महिने शांत जायचे आणि परत एक पीस. मला याचा खरंच त्रास व्हायचा, कारण दर वेळी त्या स्टेशनवरच्या ताईंना ऑफिसात बोलावलं जायचं. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "साहेब, मी बिनमधली उचलते, बिनमध्ये काय टाकलंय ते मी कसं सांगू?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण चार वेळा जी उपाययोजना केली ती सगळी हात बिनपाशी जाण्याबद्दल होती आणि मिक्सिंग हात पोचायच्या आधीच झालेलं असू शकतं हे कोणी बघितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे करा, पोका-योकेचा, म्हणजे चूक होऊच न देणाऱ्या उपायाचा, विचार सुरू करायच्याही आधी: मिक्सिंग कुठे होतं ते शोधा. आम्ही तीन दिवस काही न बदलता फक्त शोधलं. सप्लायरची सीलबंद पिशवी, स्टोअरचा रॅक, फीडरची ट्रॉली, स्टेशनचा बिन, मशीनखालची फरशी, रीवर्क टेबलचा डबा, प्रत्येक ठिकाणच्या स्प्रिंग मायक्रोमीटरने तारेवर मोजल्या. कंटाळवाणं काम आहे पण त्याला पर्याय नाही. सप्लायरच्या पिशव्या त्या वेळी स्वच्छ निघाल्या. चुकीचे पीस सापडले ते तीन जागी. एक, मॉडेल बदलताना बिनमध्ये उरलेल्या पाच-सात स्प्रिंग तशाच राहायच्या आणि वरून नव्या ओतल्या जायच्या, बिनचा तळ कोपऱ्यात गोल नव्हता आणि तेलाने स्प्रिंग तिथे चिकटून बसायच्या. दोन, जमिनीवर पडलेली स्प्रिंग उचलून "जवळच्या" बिनमध्ये टाकली जायची, मनात वाईट काही नाही, माल वाया जाऊ नये म्हणून. तीन, रीवर्कला उघडलेल्या पंपाची स्प्रिंग परत लाइनवर यायची आणि रीवर्क टेबलावर दोन्ही मॉडेल एकत्र उघडली जायची.

आता बघा, या तिन्ही ठिकाणी पिक-टू-लाइट लावून काय उपयोग? योग्य बिनवर दिवा लागेल, हात योग्य बिनमध्ये जाईल, सेन्सर म्हणेल बरोबर, आणि हातात येईल चुकीची स्प्रिंग. पिक-टू-लाइट वाईट नाही, जिथे वीस बिन आहेत आणि चूक हाताची आहे तिथे ते छान काम करतं, पण बिनमध्येच भेसळ असेल तर ते चुकीवर बरोबरचा शिक्का मारतं. मी दोन-तीन प्लांटमध्ये हेच बघितलंय, लाखभर खर्च करून लाइट लावले आणि कंप्लेंट चालूच.

इथे एक जुनी गोष्ट आठवते ती सांगतो कारण ती नेमकी स्प्रिंगचीच आहे. शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकमध्ये जो उपाय सुचवला तो पोका-योकेचं सुरुवातीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. एका स्विचला दोन बटणं, प्रत्येकाखाली एक स्प्रिंग, आणि कामगार कधीकधी स्प्रिंग टाकायला विसरायचे. त्यांनी एवढंच केलं की आधी दोन स्प्रिंग एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या आणि मग बसवायच्या, ताटलीत एक उरली की विसरल्याचं लगेच कळतं. सुंदर उपाय आहे, पण तो विसरण्यावरचा उपाय आहे, अदलाबदलीवरचा नाही. ताटलीत दोन चुकीच्या स्प्रिंग ठेवल्या तर ताटली रिकामी होईल आणि स्विच चुकीचाच बनेल. विसरणं आणि मिसळणं हे दोन वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आणि हो, आधी याला बाका-योके म्हणायचे, बाका म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये अराकावा ऑटो बॉडीत एका कामगार बाईंना ते ऐकून रडू आलं, मग शिंगोंनी पोका-योके असा शब्द केला, म्हणजे अनवधानाने होणाऱ्या चुका टाळणं. आमच्या ताईंना ऑफिसात बोलावण्याबद्दल मला का वाईट वाटायचं ते यात आलं.

तर मिसळण्याचं औषध काय? जिथे पार्ट शेवटचा बसतो तिथे पार्टलाच विचारायचं, तू कोण. म्हणजे दोन पार्टमधला जो खरा फरक आहे तो शोधायचा आणि बसवण्याच्या क्षणी तोच मोजायचा. आमच्याकडे पहिली सूचना आली वजनाची. हिशोब करून बघा, ए ची स्प्रिंग साधारण २.४५ ग्रॅम आणि बी ची २.८५. एकेक करून ठेवली तर ०.०१ ग्रॅमचा काटा ओळखेल, पण पंख्याच्या वाऱ्यात आणि तेलाच्या थेंबात लाइनवर तो काटा टिकत नाही. ५०० नगांची पिशवी तोलून तर अजिबात कळणार नाही, सव्वा किलोमध्ये एका स्प्रिंगचा ०.४ ग्रॅम कुठे दिसणार. दुसरी सूचना कॅमेऱ्याची. वेटोळे सारखे, व्यास सारखा, उरला तारेचा ०.१ मिमी, तोही चमकणाऱ्या तेलकट गोल तारेवर, म्हणजे काही पिक्सेलवर सगळा खेळ. नको म्हटलं. तिसरी सूचना स्प्रिंगला वेगळं प्लेटिंग करायची. ही ऐकायला सोपी वाटते म्हणून मुद्दाम सांगतो, स्प्रिंग स्टीलला झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं की हायड्रोजन आत शिरून स्प्रिंग ठिसूळ होण्याचा धोका असतो, प्लेटिंगनंतर लगेच बेकिंग नीट झालं नाही तर वापरात तुटू शकते. रंग ओळखायच्या नादात नवीन फेल्युअर ओढवून घेऊ नका. रंगाचा ठिपका म्हणाल तर तो सुटून तेलात जाऊ नये हे बघावं लागतं, काही लोकांना लाल-हिरवा फरक कळतच नाही, आणि शेवटी रंग बघणं हे माणसाच्या डोळ्यावरच आलं. रंग मदत करतो, चूक थांबवत नाही.

मग उरला ताकदीचा फरक, जो सगळ्यात मोठा आहे आणि ज्याच्यासाठी ही दोन वेगळी पार्ट केलीत तोच आहे. ३० न्यूटन आणि ४२.५. स्प्रिंगच्या लोडला १० टक्के टॉलरन्स धरला तरी ए २७ ते ३३ मध्ये येते आणि बी ३८ ते ४७ मध्ये, मध्ये ५ न्यूटनची मोकळी जागा. अशी मोकळी जागा मिळाली की समजा चेक टिकणार. तुमच्याकडे पार्ट वेगळा असेल, वॉशर असेल, बुश असेल, कनेक्टर असेल, पण पहिला प्रश्न हाच विचारा की टॉलरन्स धरून दोघांच्या मध्ये मोकळी जागा कुठल्या मापात राहते. जिथे दोन्ही रेंज एकमेकांवर चढतात ते माप सोडून द्या.

आम्ही काय केलं तर कॅप लावायच्या आधीच्या पायरीला एक छोटा न्यूमॅटिक प्रेस लावला, त्याच्या टोकाला लोडसेल. बॉडी फिक्स्चरमध्ये क्लॅम्प होते, ऑपरेटर प्लंजर आणि स्प्रिंग टाकतो, प्रेस स्प्रिंगला बरोबर २४ मिमी उंचीवर हार्ड स्टॉपला टेकेपर्यंत दाबतो, लोड वाचतो, वर येतो. तीन सेकंद जास्त लागतात, आमची सायकल चाळीस सेकंदांची आहे त्यामुळे अडलं नाही. बॉडीवरचा क्यूआर आधी स्कॅन होतो, त्यावरून पीएलसीला कळतं ए आहे का बी, आणि त्या मॉडेलची रेंज तो लावतो. म्हणजे मॉडेल निवडायचं बटण ऑपरेटरच्या हातात नाहीच, हे महत्त्वाचं आहे, कारण सिलेक्टर स्विच ठेवला की चूक तिथे सरकते. कॅप लावायच्या आधी का, तर कॅपच्या ओ-रिंगचं घर्षण लोडमध्ये मिसळतं आणि रीडिंग वर-खाली नाचतं. या एकाच चेकने स्प्रिंग विसरली तरी कळतं, लोड शून्य येतो, आणि दोन स्प्रिंग एकमेकीत अडकून गेल्या असतील तरी कळतं.

आता यात काय बिघडतं ते सांगतो, कारण आमचं बिघडलं होतं. पहिल्या महिन्यात ए च्या चांगल्या स्प्रिंग अचानक रिजेक्ट व्हायला लागल्या, लोड ३४-३५ यायचा. सगळे म्हणाले स्प्रिंगचा लॉट खराब. टेबलवर मोजल्या तर ३० च्या आसपास, एकदम ठीक. मग लक्षात आलं की हार्ड स्टॉपखालची १ मिमीची शिम निघून पडली होती, स्प्रिंग १ मिमी जास्त दाबली जात होती आणि १ मिमीला ३.७ न्यूटन हे गणित आधी सांगितलंच आहे. आता ही गोष्ट उलट्या बाजूने घडली असती, म्हणजे स्टॉपवर मळ साचून स्प्रिंग कमी दाबली गेली असती, तर बी चा लोड खाली सरकत ए च्या रेंजकडे आला असता, १ मिमीला ५.३ न्यूटन. दोन मिमी मळ साचत नाही हे खरं, पण लोडसेलची रीडिंगही हळूहळू सरकते आणि दोन्ही मिळून तुमची मोकळी जागा खातात. म्हणून स्टॉप एका तुकड्यात बनवून घेतला, शिम बंद. आणि सगळे लोड साठवून आठवड्याला सरासरी बघतो, ए ची सरासरी एक न्यूटनने जरी हलली तरी कोणीतरी जाऊन स्टॉप पुसून बघतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. एनजी म्हणजे नापास आलं की काय होतं? आधी नुसता लाल दिवा आणि बझर होता. रात्रपाळीला टार्गेटचं प्रेशर, एनजी आलं की स्प्रिंग काढायची, परत बिनमध्ये टाकायची आणि दुसरी घ्यायची. म्हणजे पकडलेली चुकीची स्प्रिंग परत तिथेच. आणि एकदा तर असं दिसलं की एक ओळखीची चांगली स्प्रिंग बाजूला ठेवून तिने ओके घेतलं जात होतं आणि मग कुठलीही बसवली जात होती. मी कोणाला दोष देत नाही, यंत्रणेत ती फट आपणच ठेवली होती. आता एनजी आलं की क्लॅम्प सुटत नाही, शेजारी कुलूपबंद लाल डबा आहे त्याच्या तोंडाशी सेन्सर आहे, त्यातून स्प्रिंग पडल्याचं कळलं तरच पुढचं चक्र चालू होतं. आणि ओके आल्यावर क्लॅम्प न सोडता तिथेच कॅप लावायची, नटरनरला परवानगी लोड ओके मिळाल्यावरच आणि फक्त काही सेकंदांसाठी मिळते, मध्ये एरिया सेन्सर तुटला म्हणजे हात गेला तर लोड परत घ्यावा लागतो. लाल डब्याची किल्ली क्वालिटीकडे.

पण बिनमधली भेसळ कमी नाही केली तर लाइन सारखी थांबणार, म्हणून मॉडेल बदलाचंही काम केलं. आता बिन ओतायचा नाही, ए ची ट्रॉली बिनसकट वेगळी आणि बी ची वेगळी, ट्रॉलीच लावायची-काढायची. बिन आतून गोल कोपऱ्याचे, तळ उतरता. ट्रॉलीच्या खाली डॉग म्हणजे पुढे आलेला तुकडा आहे तो जागेवरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला लागतो. इथे एक बारकी गोष्ट जी टूलरूमच्या एका जुन्या फिटरकाकांनी सांगितली आणि ज्याने पुढे आमचे दोन दिवस वाचले: एकच सेन्सर लावून "लागला म्हणजे ए, नाही लागला म्हणजे बी" असं करू नका. वायर तुटली की सेन्सर लागत नाही आणि मशीन ए च्या ट्रॉलीला बी समजतं. दोन सेन्सर लावा, ए ट्रॉली फक्त पहिल्याला लागते, बी फक्त दुसऱ्याला, दोन्ही लागले किंवा एकही लागला नाही तर स्टेशन बंद. पडलेल्या स्प्रिंगसाठी मशीनखाली जाळीचा ट्रे आणि नियम एकच, पडली की लाल डबा, २ रुपयांची स्प्रिंग वाचवायची नाही. रीवर्कमधून निघालेली स्प्रिंगही लाल डब्यात, परत लाइनवर नाही.

रोजच्या तपासणीबद्दल थोडं, कारण पोका-योके स्वतःच मेला तर कोणाला कळत नाही आणि सगळे त्याच्या भरवशावर असतात. शिफ्टच्या सुरुवातीला मशीनला मुद्दाम चुकीचा पीस द्यायचा, लाइनवर याला रेड रॅबिट म्हणतात. ए चालू असेल तर बी ची स्प्रिंग, मग रिकामी बॉडी, आणि या दोघांना एनजी केल्याशिवाय पीएलसी प्रॉडक्शन चालूच करू देत नाही. मास्टर निवडताना मधली बी घेऊ नका, बी मधली सगळ्यात हलकी म्हणजे ३८-३९ न्यूटनची शोधून घ्या, सीमेवरची पकडली तरच चेक जिवंत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही मास्टर स्प्रिंग सुटी ठेवू नका. आमच्याकडे सुरुवातीला सुटी होती आणि एके दिवशी ती सापडेना, अख्ख्या शिफ्टचा माल, २८० पंप, उघडून बघावा लागला. आता मास्टर स्प्रिंग लाल रंगाच्या बॉडीत कायमची पकडून बसवलीय, त्या बॉडीला स्वतःचा क्यूआर आहे, आणि ती तिच्या जागी परत ठेवल्याचं सेन्सरला दिसल्याशिवाय लाइन सुरू होत नाही.

ज्यांच्याकडे पीएलसी, लोडसेलचं बजेट नाही त्यांनी निराश होऊ नका, हाच फरक वजनाच्या जिगवर पकडता येतो. एका उभ्या गाइड पिनवर स्प्रिंग घाला, वरून ३.६७ किलोचं वजन सोडा, म्हणजे ३६ न्यूटन. ए ची स्प्रिंग ९.७ मिमी दबून २२.३ वर येते, बी ची ६.८ दबून २५.२ वर थांबते. टॉलरन्सची वाईटात वाईट जोडी धरली, म्हणजे कडक ए आणि मऊ बी, तरी २३.२ आणि २४.५ येतात, अजून सव्वा मिमी फरक उरतो. मोकळ्या लांबीचा टॉलरन्स त्यातून थोडा खाणार, म्हणून आधी आपल्या स्प्रिंग ३०-४० नग मोजून मगच खूण ठरवा, साधारण २३.८ ला. वजनाला एक जीभ लावा जी खुणेखाली गेली तरच बाजूची खाच मोकळी होते आणि स्प्रिंग त्या खाचेतून बाहेर काढता येते. ए साठी एक जिग, बी साठी उलट लॉजिकचं दुसरं. याच्यात एक कमतरता आहे ती झाकत नाही: जिग आणि पंप यांच्यामध्ये ऑपरेटरचा हात राहतो, तपासलेली स्प्रिंग खाली ठेवून दुसरी उचलली जाऊ शकते. म्हणून जिगमधून स्प्रिंग घसरत थेट बॉडीच्या बोअरमध्येच पडेल अशी नळी लावता आली तर लावा, आमच्या एका छोट्या सप्लायरने हे टूलरूममध्ये चार दिवसांत केलं.

डिझाइनवाल्यांशीही बोला, जमलं तर. बी ची मोकळी लांबी बदलून आणि पिच जुळवून तोच लोड मिळत असेल, किंवा ए चा बाहेरचा व्यास १ मिमी कमी करून ए च्या बॉडीत एक छोटी पायरी करता येत असेल, तर बी ची स्प्रिंग ए च्या बॉडीत नीट बसतच नाही अशी करता येते आणि मग वरचं बरंचसं लागत नाही. आमच्याकडे कस्टमरचं ड्रॉइंग, परत पीपॅप म्हणजे पार्टची मंजुरी, परत एन्ड्युरन्स टेस्ट, म्हणून चालू पंपाला ते झालं नाही, पण पुढच्या मॉडेलच्या ड्रॉइंग रिव्ह्यूला मी ही चार कंप्लेंटची फाइल घेऊन बसलो होतो आणि तिथे स्प्रिंगचे व्यास वेगळे झाले.

चेक लावल्यापासून अकरा महिन्यांत कस्टमरकडे एकही चुकीचा पीस गेला नाही, लाल डब्यात मात्र एकोणीस सापडले. ते मोजायला विसरू नका, प्रत्येक एनजी स्प्रिंगची तार मोजून ती पडली होती, उरलेली होती का सप्लायरकडून आली हे लिहा. आमच्या एकोणीसपैकी सहा एकाच पिशवीतून निघाल्या, म्हणजे पहिल्या तीन दिवसांत जो सप्लायर स्वच्छ दिसला होता त्याच्याकडेही मशीन सेट बदलताना भेसळ होत होती. आता एका पिशवीतून दोन एनजी आले की ती पिशवी आणि त्या लॉटच्या बाकीच्या पिशव्या होल्डवर जातात आणि सप्लायरला त्याच दिवशी फोटोसकट फोन जातो.